‘तीन महिन्यांची शुगर’ नेमकी कोणत्या दिवसांची?

दिवाळी संपून दोन-तीन आठवडे झाले की पुण्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "फराळ झाला ना, म्हणून वाढलीये." हातात एचबीएवनसीचा, म्हणजे ‘तीन महिन्यांच्या शुगर’चा, रिपोर्ट असतो. गेल्या खेपेला आकडा ७.२ होता, आता ८.१ आलाय. चकली-करंजीवर खापर फोडलं की माणूस मोकळा. पण नीट हिशोब मांडला तर फराळ बऱ्यापैकी निर्दोष सुटतो. तो कसा सुटतो हे पाहण्याआधी, हा आकडा मोजतो काय ते बघू.

रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं, हे शाळेत शिकलेलं असतं. रक्तात फिरणारं ग्लुकोज या पेशींच्या आत सहज शिरतं आणि हिमोग्लोबिनला चिकटतं. चिकटवायला कुठलं एन्झाइम लागत नाही, शरीराला त्यासाठी काही करावं लागत नाही. साखर जास्त तर जास्त चिकटते, कमी तर कमी. सुरुवातीची पकड सैल असते, साखर उतरली की काही तासांत सुटूही शकते. पण त्यातला थोडा भाग पुढे पक्का होतो आणि एकदा पक्का झाला की ती पेशी मरेपर्यंत तसाच राहतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. रक्तप्रवाहात आल्यावर ती नवं हिमोग्लोबिन बनवत नाही, त्यामुळे जुनं टाकून नवं घेण्याची सोयच नाही. एचबीएवनसी म्हणजे एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिनला अशी पक्की साखर चिकटली आहे, तो आकडा. मधुमेह नसलेल्या माणसातही तो पाचच्या आसपास असतो. म्हणून "माझ्या रक्तात सात टक्के साखर आहे" असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. रक्तात सात टक्के साखर असलेला माणूस ते सांगायला उभा राहू शकणार नाही.

मधुमेही लोकांच्या हिमोग्लोबिनमध्ये काहीतरी वेगळं दिसतंय, हे सॅम्युएल रहबर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये पाहिलं होतं. आज ही तपासणी इतकी रुळली आहे, की लोक तिला नुसतं ‘तीन महिन्यांची’ म्हणतात आणि समोरच्याला कळतं. घोटाळा होतो तो याच नावामुळे. तीन महिन्यांची सरासरी म्हटलं की नव्वद दिवसांची बेरीज करून नव्वदने भागलंय, प्रत्येक दिवसाला सारखंच वजन, असं वाटतं. प्रत्यक्षात तसं नसतं.

कात्रजहून शिवाजीनगरला जाणारी पीएमपीची बस डोळ्यांसमोर आणा. खिडक्या उघड्या आहेत, रस्ताभर खोदकाम चालू आहे (पुण्यात आहोत, कल्पनाशक्तीला ताण नको). प्रत्येक थांब्यावर काही जण चढतात आणि ठरावीक थांबे झाले की उतरतात. आता मधेच बस थांबवून सगळ्यांच्या शर्टावर किती धूळ बसलीये ते मोजलं, तर काय दिसेल? शेवटच्या किलोमीटरमधली धूळ सगळ्यांच्याच अंगावर आहे, कारण तेव्हा सगळेच बसमध्ये होते. दहा थांबे मागची धूळ मात्र तेव्हा चढलेल्या मोजक्या लोकांच्याच अंगावर आहे. बाकीचे तेव्हा बसमध्ये नव्हतेच. तांबड्या पेशींचं अगदी असंच आहे. गेल्या आठवड्यातली साखर तरुण, मध्यमवयीन, म्हाताऱ्या अशा सगळ्या पेशींनी पाहिली आहे. साडेतीन महिन्यांपूर्वीची साखर पाहिलेल्या पेशी आता थोड्याच उरल्या आहेत.

म्हणून रिपोर्टवरच्या आकड्याचा साधारण निम्मा भाग रक्त देण्याच्या आधीच्या एका महिन्यातून येतो. पाव भाग त्याच्या मागच्या महिन्यातून आणि उरलेला पाव भाग त्याही मागच्या दोन महिन्यांतून. म्हणजे ही सरासरी तीन नव्हे, जवळजवळ चार महिन्यांपर्यंत मागे जाते, पण जवळच्या दिवसांचं ऐकते जास्त.

आता फराळाचा खटला. सरासरी साखरेत आणि एचबीएवनसीत एक सरळ नातं आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून ते काढलंय. एचबीएवनसीच्या आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि त्यातून ४६.७ वजा करायचे, की अंदाजे सरासरी साखर मिळते. ६ म्हणजे १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. ढोबळमानाने एक टक्का म्हणजे सरासरीत २८-२९ चा फरक. बऱ्याच लॅब हल्ली रिपोर्टवर हा सरासरीचा आकडा छापूनच देतात.

समजा, दिवाळीचे सहा दिवस तुमची साखर रात्रंदिवस सरासरी ६० ने वाढलेली राहिली. हे काही कमी नाही, भरपूर फराळ झाला तरच असं होईल. या सहा दिवसांचा एकूण आकड्यात वाटा साधारण नऊ-दहा टक्के. ६० चा दहावा हिस्सा ६. सरासरी ६ ने वाढली तर एचबीएवनसी वाढेल ०.२. म्हणजे ७.२ चं ७.४ होईल. ७.२ चं ८.१ व्हायला सरासरी २६ ने वाढायला हवी. ती एकट्या सहा दिवसांनी वाढवायची, तर ते सहाही दिवस साखर चोवीस तास पावणेतीनशे-तीनशेने जास्त हवी. तेवढी असती तर लॅबमध्ये यायच्या आधीच दवाखान्यात जावं लागलं असतं. खरं कारण बहुधा मागे कुठेतरी असतं. पावसात तळजाईचं चालणं सुटलं आणि नंतर सुरूच झालं नाही, गणपतीपासून रोज ‘प्रसाद’ चालू राहिला, किंवा गोळी संपली आणि पुन्हा आणायची राहून गेली.

हाच हिशोब उलटाही लागू होतो. तपासणीच्या आधी दोन दिवस भात सोडून, फक्त कोशिंबीर खाऊन आकडा सुधारत नाही. उपाशीपोटीची शुगर त्याने थोडी फसेल, एचबीएवनसी नाही. या तपासणीला उपाशी राहायचीही गरज नसते. मिसळ खाऊन आलात तरी चालतं.

सुधारणा झाली तर ती दिसायला किती दिवस लागतात, हेही इथून कळतं. एका माणसाची साखर बरेच महिने सरासरी २१२ होती, म्हणजे एचबीएवनसी ९. एक जूनला औषध बदललं, जेवण बदललं आणि सरासरी झटक्यात १४० वर आली, असं सोयीसाठी धरू. १४० म्हणजे ६.५. एक जुलैला रक्त दिलं तर निम्मा भाग नव्या साखरेचा, निम्मा जुन्या: ७.७ च्या आसपास. ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊण भाग नवा: साधारण ७.१. पूर्ण ६.५ दिसायला सप्टेंबर संपेल. जुलैतला ७.७ पाहून "अजून कंट्रोल नाही" म्हणत डोस वाढवला, तर तो त्या माणसावर अन्यायच, कारण त्याची आजची साखर १४० च आहे. आकडा फक्त मागचं ओझं वाहतोय. औषध बदलल्यावर डॉक्टर "तीन महिन्यांनी पुन्हा करा" म्हणतात ते यासाठी. तोपर्यंतची खबर घरच्या ग्लुकोमीटरने द्यायची असते.

इथवर सगळ्यांच्या पेशी १२० दिवस जगतात असं धरून चाललो. खरी गंमत तिथेच आहे आणि आपल्याकडे ती दुर्लक्षित राहते. बसमधले प्रवासी ठरल्या थांब्यावर उतरलेच नाहीत तर? किंवा आधीच उतरले तर? धूळ तेवढीच असूनही मोजणी बदलेल.

एक नमुना घेऊ. धायरीत राहणारी बाई, वय ४२. गर्भाशयात गाठी, त्यामुळे पाळीला रक्तस्राव जास्त, गेलं वर्षभर धाप लागते. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी ६.३ आलं. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला प्रीडायबेटिस म्हणतात, ६.५ पासून मधुमेह. म्हणजे ती मधुमेहाच्या दारात उभी. घरात लगेच साखरबंदी. सासूबाईंनी चहातली साखर बंद केली, नवऱ्याने आवळ्याचा रस आणला.

पण त्याच फाइलमध्ये उपाशीपोटीची शुगर आहे ९२ आणि जेवणानंतर दोन तासांची ११८. दोन्ही अगदी व्यवस्थित. ६.३ ला सूत्र लावलं तर सरासरी येते १३४. जिची जेवणानंतर दोन तासांची साखरही ११८ च, तिची सरासरी १३४ कशी असेल? इथे काहीतरी जुळत नाही. मग पान उलटून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, बघायचा. हिमोग्लोबिन ८.४. पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही ६८, म्हणजे पेशी लहान आणि फिक्या. शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन केलं तर तेही तळाला. ही लोहाच्या कमतरतेची ॲनिमिया.

लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात. रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि जुनी पेशी म्हणजे जास्त दिवस साखरेत मुरलेली पेशी. त्यामुळे साखर वाढलेली नसताना एचबीएवनसी वर सरकतं. यामागे आणखीही कारणं असू शकतात, पण पेशींचं वय हे समजायला सर्वांत सोपं आणि मोठं कारण.

अशा बाईला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, की आणखी एक वळण येतं. अस्थिमज्जा नव्या पेशींची फौज रक्तात सोडते. या पेशी कोऱ्या, साखर न लागलेल्या. त्यामुळे दीड-दोन महिन्यांत एचबीएवनसी झपाट्याने उतरतं, कधीकधी खऱ्या पातळीच्याही खाली. आपल्या नमुन्यातल्या बाईचं दोन महिन्यांनी ५.३ आलं असतं, तर घरच्यांनी त्याचं श्रेय आवळ्याच्या रसाला दिलं असतं. हिमोग्लोबिन १२ च्या वर स्थिरावून तीनेक महिने गेले, की मग येणारा आकडा, समजा ५.५, हा विश्वासाचा.

हा प्रकार अपवादाने घडतो असं समजू नका. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने लहानपणापासून पाठपुरावा केलेल्या पुण्यातल्या तरुण-तरुणींवर हेच तपासलं आणि २०१२ साली प्रसिद्ध केलं. ग्लुकोज पाजून केलेल्या नेहमीच्या तपासणीत जितक्यांना प्रीडायबेटिस निघाला, त्याच्या कितीतरी जास्त जणांना एचबीएवनसीने प्रीडायबेटिस ठरवलं. या वाढीचा काही भाग रक्ताच्या घटकांमुळे आणि लोहाच्या कमतरतेमुळे होता. आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया किती आहे ते पाहता, नुसत्या एचबीएवनसीवर एखाद्या तरुण मुलीला ‘प्रीडायबेटिक’ हा शिक्का मारण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. हेल्थ चेकअपच्या चकचकीत पॅकेजमध्ये हे दोन्ही आकडे असतात, फक्त वेगवेगळ्या पानांवर. त्यांची गाठ घालून देणारं कुणी नसतं.

बी-१२ आणि फॉलिक ॲसिडच्या कमतरतेतही आकडा असाच वर जाऊ शकतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवं नाही. त्यातून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानेही ते घटतं. म्हणजे ज्या माणसाची साखर मोजायची, त्याच्याच गोळीमुळे मोजपट्टी थोडी सरकू शकते.

उलट्या दिशेची फसवणूक जास्त धोक्याची, कारण ती गोड वाटते. पेशी लवकर मरत असतील किंवा बाहेरून नव्या आल्या असतील, तर आकडा खोटा कमी येतो. नुकतंच रक्त चढवलेलं असेल, मूळव्याधीतून किंवा अपघातात बरंच रक्त जाऊन शरीर नव्या पेशी बनवत असेल, तांबड्या पेशींतल्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल, गरोदरपण असेल, किंवा डायलिसिसवर असताना रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतील, तर ६.४ या आकड्यावर हुरळून जाऊ नये. डायलिसिसच्या रुग्णाच्या घरच्या मीटरवर रोज १९०, २१०, २३० दिसत असेल आणि रिपोर्ट ६.४ म्हणत असेल, तर मीटरचं ऐकायचं.

हिमोग्लोबिनचाच प्रकार जन्मतः वेगळा असण्याचा प्रश्नही आहे. सिकलसेलचे वाहक विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात बरेच सापडतात, आणि तिकडची मंडळी शिक्षणाला-नोकरीला पुण्यात असतात. थॅलेसेमियाचे वाहकही इथे आहेत. लॅबमध्ये तपासणी एचपीएलसी पद्धतीने होत असेल, तर यंत्रातून एक आलेख निघतो आणि अशा माणसाच्या आलेखात एक अनोळखी उंचवटा दिसतो. चांगली लॅब तेव्हा रिपोर्टखाली तशी टीप लिहिते. बारीक अक्षरातली ती टीप वाचा. मोठ्या आकड्यापेक्षा ती महत्त्वाची असू शकते. बोटाला टोचून काही मिनिटांत आकडा देणाऱ्या छोट्या यंत्रांत हा आलेख नसतो.

आता याची दुसरी बाजू, नाहीतर प्रत्येक जण ॲनिमियाच्या आड लपेल. "माझी सकाळची ११० येते, तरी एचबीएवनसी ८. रिपोर्ट चुकलाय." हे लॅबवाले रोज ऐकतात, आणि बहुतेक वेळा रिपोर्ट बरोबर असतो. सकाळी उपाशीपोटीची साखर ही दिवसातली बऱ्याचदा सर्वांत सभ्य साखर. पोहे, दुपारची पोळी-भाजी-भात, संध्याकाळची भेळ, या प्रत्येकानंतर ती २४० ला जाऊन येते आणि ते कुणी मोजतच नाही. एचबीएवनसी मात्र चोवीस तास जागं असतं.

मग खरा कोण, मीटर की रिपोर्ट? हे घरीच बऱ्यापैकी कळतं. एका आठवड्यात वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी मोजा: उपाशीपोटी, नाश्त्यानंतर दोन तासांनी, दुपारच्या जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी, रात्रीच्या जेवणानंतर आणि झोपताना. बारा-पंधरा आकडे झाले की सरासरी काढा आणि रिपोर्टवरच्या सरासरीशेजारी ठेवा. थोडा फरक राहणारच. तेच सूत्र सांगतं, की ७ म्हणजे १५४, पण प्रत्यक्षात ७ आलेल्या माणसाची सरासरी १२३ पासून १८५ पर्यंत कुठेही असू शकते. माणसामाणसाच्या पेशींचं आयुष्य थोडं कमी-जास्त असतंच. जेवणानंतरचे आकडे धरूनही मीटरची सरासरी ११० आणि रिपोर्टची १८३ असेल, तर मात्र हा नेहमीचा फरक नाही. ती वही डॉक्टरांपुढे ठेवायची आणि सीबीसी करायला सांगतील का, हे विचारायचं. त्यासाठी बहुतेक वेळा पुन्हा टोचावंही लागत नाही, कारण एचबीएवनसी आणि सीबीसी दोन्ही जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्याच रक्तावर होतात. साखरेची ट्यूब वेगळी, राखाडी टोपणाची.

दोन रिपोर्टांतला ७.१ आणि ७.३ चा फरक मनाला लावून घ्यायचा नाही, विशेषतः लॅब वेगळ्या असतील तर. एवढा फरक यंत्राचाही असू शकतो. पुढच्या खेपेला त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करणं बरं.

एचबीएवनसीवर भरवसा ठेवता येत नाही असं ठरलं, तर डॉक्टरांकडे दुसरे मार्ग आहेत. निदान करायचं असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघणं, हा जुना आणि भरवशाचा मार्ग. आधीच मधुमेह असेल आणि नियंत्रण बघायचं असेल, तर फ्रुक्टोसअमाइन नावाची तपासणी होते. तिच्यात हिमोग्लोबिनऐवजी रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर मोजतात. तांबड्या पेशींच्या वयाशी तिचा संबंध नाही, त्यामुळे ॲनिमियाने ती फसत नाही. पण अल्ब्युमिनचं आयुष्य कमी, म्हणून ती दोन-तीन आठवड्यांचीच हकीकत सांगते, आणि लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा यकृताचा आजार असेल तर तिचाही भरवसा उरत नाही. दंडावर चौदा दिवस चिकटवायचा सेन्सर मिळतो, तो दर काही मिनिटांनी साखर टिपतो. महाग आहे, पण एकदा लावला तरी मीटर खरा की रिपोर्ट, हा वाद मिटतो. आपल्या धायरीच्या बाईसाठी यातलं पहिलंच पुरेसं आहे: ग्लुकोज पाजून एक तपासणी, आणि तोपर्यंत आवळ्याच्या रसाऐवजी लोहाची गोळी आणि गर्भाशयाच्या गाठींसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ.